पन्नास पौंड म्हणजे तेवीस किलो नव्हेत

आत्याची पहिली बॅग पट्ट्यावर चढली आणि काउंटरवरच्या पडद्यावर ५०.५ हा आकडा स्थिरावला. न्यूआर्कचा विमानतळ, मुंबईला जाणारं रात्रीचं विमान, मागे रांग. काउंटरवरच्या मुलीने बॅगेकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की ही बॅग मर्यादेबाहेर आहे. जादा वजनाचे शंभर डॉलर भरा नाहीतर सामान कमी करा. आत्याने पर्समधून तिकिटाचा कागद काढला. तिने मुलाच्या घरी, एडिसनला, निघण्याआधी दोन्ही बॅगा स्वतः तोलल्या होत्या. नागपूरहून येताना बरोबर आणलेला हातकाटा होता, तो किलोत वजन दाखवायचा. एक बॅग २३.०, दुसरी २१.०. तिकिटावर तेवीस लिहिलेलं, बॅग तेवीस भरलेली. मग जादा काय?

"अरे, येताना ही बॅग बावीस पूर्णांक नऊ होती. मुंबईत कोणी एक शब्द बोललं नाही," ती मला म्हणाली. "आता शंभर ग्रॅम जास्त आहे, पण तेवीसच्या वर नाही ना?"

नव्हतीच. आत्याचं गणित बरोबर होतं आणि त्या मुलीचंही बरोबर होतं. दोघींच्या हातात एकच नियम होता आणि तो नियम स्वतःशीच जुळत नव्हता. तिकिटाच्या कागदावर खाली, ज्या बारीक अक्षरांत कोणी डोकं घालत नाही तिथे, ही ओळ छापलेली होती:

```
UPTO50LB/23KG AND UPTO62LI/158LCM
```

अमेरिकेच्या तिकिटांवर ही ओळ वरचेवर दिसते. पहिल्या भागाचा अर्थ पन्नास पौंड किंवा तेवीस किलोपर्यंत. दुसऱ्या भागात बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज, बासष्ट इंच किंवा १५८ सेंटिमीटरपर्यंत. दोन आकड्यांमध्ये तिरकी रेघ मारली, की वाचणारा समजतो ही एकाच गोष्टीची दोन नावं. ती तशी नाहीत.

एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. हा आकडा मोजून काढलेला नाही, ठरवलेला आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी १९५९ साली आपापले किंचित वेगळे पौंड बाजूला ठेवून हा एक पक्का केला. म्हणजे आज पौंडाची व्याख्याच किलोवरून होते. न्यूआर्कच्या काट्यावर पौंड दिसत असले तरी त्या पौंडाच्या मुळाशी किलोच बसलेला असतो. या आकड्याने पन्नासला गुणलं तर उत्तर येतं २२.६८ किलो. आणि उलट, तेवीस किलोचे होतात ५०.७१ पौंड.

तिकिटावरच्या त्या तिरक्या रेघेत ३२० ग्रॅम लपलेले आहेत. पाव किलो बाकरवडीचं पाकीट आणि वर मूठभर. आत्याची बॅग याच फटीत अडकली होती. तेवीस किलोच्या नियमाने ती काठोकाठ आत होती. पन्नास पौंडांच्या नियमाने पाऊण पौंडाने बाहेर. येतानाची २२.९ किलोची बॅगसुद्धा पौंडात मोजली असती तर ५०.४९ भरली असती. पण मुंबईचा काटा किलोत बोलतो, म्हणून कोणी तिला हटकलं नाही. तीच बॅग, तेच तिकीट, तीच कंपनी. फक्त काटा बदलला.

मग पन्नास पौंडांना तेवीस किलो का म्हणायचं? कारण साडेबावीस आणि साडेतेवीस यांच्या मधला कोणताही आकडा पूर्णांकात आणायचा झाला, की तो तेवीस होतो. प्रवाशाला २२.६८ हा आकडा लक्षात राहणार नाही आणि काउंटरवर वाद घालायला तो अडचणीचाच. त्यामुळे दोन्हीकडे गोल आकडे ठेवले. गोल करण्यात वाईट काही नाही, आपले सराफही तेच करतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाच्या दुकानात एक तोळा म्हटलं तर दहा ग्रॅम समोर येतात. नाव जुनं, माप नवं, आणि गिऱ्हाईक दुकानदार दोघांनाही ते ठाऊक. विमानाच्या तिकिटावर मात्र दोन्ही मापं शेजारी शेजारी छापलेली असतात आणि ती सारखी नाहीत हे कोणी सांगत नाही.

तोळ्याचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. पौंड आपल्याला परका वाटतो, पण माझ्या आजीच्या तोंडी तो रोजचा होता; ती त्याला रत्तल म्हणायची. इंग्रजांनी आपला तोळा १८० ग्रेनचा पक्का केला आणि त्यांचा पौंड ७००० ग्रेनचा होताच. म्हणजे रत्तल आणि तोळा हे एकाच धाग्यात ओवलेले. रत्तलात जवळजवळ ३९ तोळे. या हिशेबाने पन्नास पौंडांची बॅग म्हणजे ऐंशी तोळ्यांच्या शेराने चोवीस शेर आणि वर चोवीस तोळे. १९५६ च्या कायद्याने आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आपण किलोवर आलो आणि हे सगळं विसरून गेलो. आजीला न्यूआर्कच्या काट्यासमोर उभं केलं असतं, तर पौंड पाहून ती आमच्याइतकी गडबडली नसती.

आता ही फट प्रत्येक ठिकाणी एकाच बाजूला असती तरी एक नियम बांधता आला असता. तशी ती नाही. जड बॅगेची वरची मर्यादा म्हणून ७० पौंड आणि ३२ किलो ही जोडी छापतात. सत्तर पौंड म्हणजे ३१.७५ किलो, इथेही पौंडाचा नियम कडक, पाव किलोने. पण अमेरिकेतल्या काही स्वस्त कंपन्या ४० पौंडांची मर्यादा ठेवत आणि तिच्यापुढे १८ किलो लिहीत. चाळीस पौंड खरे तर १८.१४ किलो. इथे उलटं: किलोत मोजाल तर मर्यादा आधी संपेल, पौंडात मोजाल तर १४० ग्रॅम जास्त मिळतील. ३० किलो आणि ६६ पौंड या जोडीत फरक साठ ग्रॅमचा, म्हणजे नसल्यासारखाच. सगळ्यांत मोठी फट नेमकी आपल्या लोकांच्या वाट्याला येणाऱ्या ५०-२३ या जोडीत आहे. इंच-सेंटिमीटरचंही तसंच, बासष्ट इंच म्हणजे १५७.४८ सेंटिमीटर आणि लिहितात १५८. पण बॅगेच्या बेरजेत अर्ध्या सेंटिमीटरवरून भांडण झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

काउंटरसमोर उभं राहून ०.४५३५९२३७ ने कोणी गुणत नाही. तिथे चालतं ते तोंडी गणित, आणि ते करण्याची एक सोपी रीत बहुतेकांना माहीत असते. पौंड निम्मे करा आणि आलेल्या उत्तरातून त्याचाच दहावा भाग वजा करा. पन्नासचे निम्मे पंचवीस, त्यातून अडीच गेले, राहिले साडेबावीस. खरं उत्तर २२.६८, म्हणजे चूक १८० ग्रॅमची. तोंडी हिशेबाला हे ठीक आहे. जे लोक निम्म्यावरच थांबतात आणि पन्नास पौंड म्हणजे पंचवीस किलो धरून बॅग भरतात, त्यांची बॅग ५५ पौंडांची होते. त्यांच्यासाठी हे प्रकरण नाही, त्यांनी पाकीटच उघडावं.

पण या सोप्या रीतीत एक खोच आहे आणि ती मला स्वतःला बरीच उशिरा कळली. ही रीत नेहमी खऱ्यापेक्षा कमी उत्तर देते. कमी उत्तर चांगलं की वाईट, हे तुम्ही कशाचं रूपांतर करता त्यावर अवलंबून आहे. मर्यादेचं रूपांतर करत असाल, म्हणजे "पन्नास पौंडांपर्यंत न्यायला परवानगी आहे, तर किलोत किती?" असा प्रश्न असेल, तर साडेबावीस हे उत्तर सुरक्षित आहे. तुम्ही स्वतःला खऱ्या मर्यादेहून थोडं कमी दिलं, नुकसान काही नाही. पण बॅगेच्या वजनाचं रूपांतर करत असाल तर तीच रीत फसवते. समजा, अमेरिकेतल्या घरच्या काट्यावर बॅग ५१ पौंड भरली आणि तुमचं विमान किलोत मोजणारं आहे. निम्मे साडेपंचवीस, त्यातून २.५५ गेले, राहिले २२.९५. तेवीसच्या आत, बंद करा बॅग! खरं वजन आहे २३.१३ किलो. ती बॅग काउंटरवर अडकणार.

उलट दिशेलाही तेच. किलोचे पौंड करायचे तर दुप्पट करून त्यात दहावा भाग मिळवतात. २२.७ किलोची बॅग: दुप्पट ४५.४, दहावा भाग ४.५४, बेरीज ४९.९४. पन्नासच्या आत. खरं उत्तर ५०.०४, पन्नासच्या बाहेर. फरक पन्नासएक ग्रॅमचा, पण तो बरोबर रेघेवर पडला. म्हणून मी हल्ली एक शिस्त पाळतो: फक्त मर्यादेचं रूपांतर करायचं, बॅगेचं कधीच नाही. घरी जो काटा आहे त्याच्या एककात मर्यादा आणायची, तो आकडा कागदावर लिहायचा, आणि मग बॅगेचं वजन थेट त्याच्याशी ताडून पाहायचं. गणित एकदाच होतं, आणि त्यातली चूक आपल्या बाजूने पडते.

आता काट्याकडे येऊ, कारण गणित कितीही चोख असलं तरी ते काट्याच्या आकड्यावर उभं असतं. हातकाटा म्हणजे एक मूठ, तिला अडकवलेला पट्टा किंवा आकडा आणि छोटा पडदा. त्यावर एककाचं बटण असतं. ते दाबलं गेलं, की किलोचे पौंड होतात. पडद्याच्या कोपऱ्यात kg आहे की lb, हे बॅग उचलण्याआधी बघायचं. उचलल्यावर हात थरथरत असतात, तेव्हा कोण बघतो! आकडा ४८ आला तर लगेच लक्षात येतं, कारण ४८ किलोची बॅग एका हाताने उचलली जात नाही. गोंधळ होतो तो छोट्या पिशव्यांत: पाठीवरची पिशवी १५ भरली आणि तुम्ही समजलात किलो, पण आकडा पौंडातला असेल, तर ती ६.८ किलोचीच होती आणि तुम्ही उगाच पुस्तकं काढून ठेवलीत.

हातकाट्याची दुसरी खोड म्हणजे बॅग झोके खाताना तो आकडा धरून ठेवतो. झटक्याने उचललं तर क्षणभर वजन जास्त लागतं आणि काटा तिथेच अडकतो. हळू उचलायचं, बॅग जमिनीपासून पूर्ण सुटलेली आणि स्थिर हवी, आणि तीनदा तोलून जो आकडा दोनदा आला तो धरायचा. काटा मुळात बरोबर दाखवतो का, हे तपासायला तांदळाची न फोडलेली दहा किलोची पिशवी पुरते; दोन बांधून वीस केले तर बॅगेच्या वजनाच्या जवळ जाता येतं. आत्याचा काटा आम्ही नंतर असाच पाहिला. तो खरा निघाला. म्हणजे तिची बॅग खरोखरच तेवीस होती आणि खोट काट्यात नव्हती.

काही घरांत हातकाटा नसतो, न्हाणीघरातला वजनकाटा असतो. आधी स्वतः उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. रीत बरोबर आहे, फक्त दोन वेळा मोजल्यामुळे दोन वेळा चूक शिरू शकते. तुमचं वजन एका दिशेला शंभर ग्रॅम चुकलं आणि बॅगेसकटचं दुसऱ्या दिशेला, तर बॅगेच्या आकड्यात दोनशे ग्रॅमची गडबड होते. आपली सगळी फट ३२० ग्रॅमची. तिच्यातले दोनशे असे गेले तर उरलं काय? शिवाय अमेरिकेतल्या घरांत हा काटा बहुधा पौंडातच असतो. ज्येष्ठ मंडळी त्यावर उभी राहतात, १४५ हा आकडा बघून घाबरतात आणि मग बॅग विसरतात.

काउंटरचा काटा या सगळ्यांहून भक्कम असतो. पट्ट्याखाली वजन जाणणारे संवेदक बसवलेले असतात, आपल्याकडे असे व्यापारी काटे वैधमापन खात्याकडून पडताळून घ्यावे लागतात. पण तोसुद्धा आकडा ठरावीक पायरीनेच दाखवतो. न्यूआर्कच्या त्या काट्याची पायरी अर्ध्या पौंडाची होती. आत्याची बॅग ५०.७१ होती, पडद्यावर ५०.५ आलं. म्हणजे काट्याने तिला दोन दशांश पौंडाची सूट आधीच दिली होती आणि तरी ती बाहेर पडली.

त्या काट्यासमोर प्रवाशाने बघण्यासारख्या गोष्टी दोनच. बॅग ठेवण्याआधी पडद्यावर शून्य आहे ना. आधीच्या प्रवाशाची पिशवी पट्ट्याच्या टोकाला राहिली असेल तर तिचंही वजन तुमच्या नावावर लागतं. आणि बॅग कडेच्या पत्र्याला किंवा पुढच्या पट्ट्याला टेकलेली नाही ना. टेकली तर बहुधा वजन कमी दिसतं, त्यामुळे प्रवासी गप्प बसतो. पण काउंटरवरच्या माणसाने बॅग पायाने सरळ केली, की आकडा वर चढतो आणि चेहरे उतरतात. शंका आली तर बॅग उचलून पुन्हा ठेवायला सांगता येतं, शेजारच्या काउंटरवर तोलून बघायची विनंतीही करता येते. मी ती केलेली आहे आणि कोणी नाही म्हटलेलं नाही. आकड्याशी मात्र वाद घालू नये. ज्या काट्यासमोर तुम्ही उभे आहात त्याचंच एकक तिथे चालतं. तिकिटावर दुसऱ्या एककात काय छापलं आहे हे सांगून एखादा सौम्य माणूस सोडेलही, पण ती त्याची मेहेरबानी झाली.

आम्ही वाद घातला नाही. काउंटरपासून दोन पावलं बाजूला सरकलो आणि बॅग उघडली. आत्याने नातवाच्या आग्रहाने बदामाचं मोठं पाकीट घेतलं होतं, तीन पौंडांचं. अमेरिकन पाकिटांचा हा एक फायदा: वजन त्यांच्यावर पौंडातही छापलेलं असतं, त्यामुळे पौंडात कमी-जास्त करायला ती वजनांसारखी वापरता येतात. ते पाकीट पहिल्या बॅगेतून काढून दुसरीत घातलं. पहिली ५०.७१ ची ४७.७१ झाली, पडद्यावर ४७.५. दुसरी २१ किलोची, म्हणजे ४६.३ पौंड, ती ४९.३ झाली, पडद्यावर ४९.५. दोन्ही आत. मुलीने हसून चिठ्ठ्या लावल्या. शंभर डॉलर वाचले.

आत्या मात्र विचारात पडली. "विमानात तर तेवढंच वजन गेलं," ती म्हणाली. "बदाम या बॅगेतून त्या बॅगेत गेले. विमानाला काय फरक पडला?"

विमानाला काहीच फरक पडला नाही. बॅगेची मर्यादा विमानाला नसतेच. ती माणसाच्या पाठीला असते. काउंटरमागचा पट्टा जिथे संपतो तिथून पुढे बॅगा उचलून गाड्यांवर रचणारी माणसं असतात, आणि विमानाच्या पोटात कित्येकदा गुडघ्यांवर बसून, वाकून त्या लावाव्या लागतात. एका पाळीत शेकडो बॅगा हातांखालून जातात. तेवीसच्या वरच्या बॅगेला जड म्हणून वेगळी चिठ्ठी लावतात, ती उचलणाऱ्याला आधीच कळावं म्हणून. आणि ३२ किलोच्या वर तर बहुतेक ठिकाणी पैसे भरूनही एक बॅग म्हणून घेत नाहीत. दोन करा नाहीतर कार्गोने पाठवा. पैशांचा दंड त्या पाठीसाठी आहे असं मी म्हणणार नाही, तो कंपनीच्या गल्ल्यात जातो. पण मर्यादा बॅगेगणिक का असते आणि दोन्ही बॅगांची बेरीज का धरत नाहीत, याचं उत्तर त्या वाकलेल्या माणसाकडे आहे. आत्याच्या दोन बॅगा मिळून ४४ किलो, दोन तेवीस मिळून ४६. बेरजेने ती आधीही आतच होती.

दरपत्रकात आणखी एक गंमत सापडते. काही कंपन्या पहिली पायरी ५० पौंडांपर्यंत आणि पुढची ५१ ते ७० अशी छापतात. मग ५०.५ कुठे? कागदावर कुठेच नाही. अशा वेळी काउंटरवरचा माणूस ठरवतो. दमलेला असेल तर एक ठरवेल, प्रसन्न असेल तर दुसरं. आपली बॅग त्याच्या प्रसन्नतेवर सोडू नये.

नागपूरला परतणाऱ्यांना मुंबईत एक दुसरा धक्का बसू शकतो आणि त्यात पौंड-किलोचा दोष निम्माच. सबंध प्रवास एकाच तिकिटावर असेल तर मुंबई-नागपूर टप्प्यालाही सहसा दोन बॅगांचीच सवलत चालते. तिकिटावर त्या टप्प्यासमोर 2PC लिहिलेलं असतं, म्हणजे दोन नग. पण मुलाने स्वस्त मिळालं म्हणून देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं असेल तर तिथे 15K दिसेल, म्हणजे १५ किलो, आणि तेही सगळ्या सामानाचे मिळून. पंधरा किलो म्हणजे ३३ पौंड. पन्नास पौंडांची एकच बॅग तिथे पावणेआठ किलोंनी जड ठरते. दोन्ही धरल्या तर तीस किलो जादा. न्यूआर्कला वाचवलेले शंभर डॉलर मुंबईत रुपयांत मोजावे लागतात. आत्याचं तिकीट एकच होतं, म्हणून बदाम सुखरूप नागपूरला पोचले. निघण्याच्या आदल्या दिवशी तिकिटाच्या प्रत्येक टप्प्यासमोर नग लिहिले आहेत की किलो, हे बोट ठेवून वाचणं दहा मिनिटांचं काम आहे.

राहता राहिली ती ३२० ग्रॅमची फट. तिच्यावर मात करायला गणित लागत नाही, थोडा कंजूषपणा लागतो. मर्यादा पन्नास पौंड असो की तेवीस किलो, घरच्या काट्यावर २२.५ किलो किंवा ४९.५ पौंड हा शेवटचा आकडा धरा. हे दोन आकडेही तंतोतंत सारखे नाहीत, पण दोन्ही काट्यांवर दोन्ही आतच राहतात, आणि वर घरच्या काट्याच्या चुकीला दीड-दोनशे ग्रॅमची जागा उरते. त्याच्या पुढे काटा गेला तर कुलूप लावण्याआधी एखादा डबा बाहेर काढा. आणि हातकाटा बॅगेत तळाशी न टाकता पर्समध्ये ठेवा. परतताना एडिसनच्या घरात किलोचा काटा तुम्हाला मिळणार नाही.